पावतीवर ११,६०,२२२, खात्यात ११,४३,२४८: बाबांच्या मुदत ठेवीचा हिशेब लावताना

बाबांची दहा लाखांची मुदत ठेव २८ मार्च २०२५ रोजी पूर्ण झाली. पावतीवर मुदतपूर्तीची रक्कम स्वच्छ छापलेली होती, रुपये ११,६०,२२२. त्याच संध्याकाळी बचत खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला तो ११,४३,२४८ रुपयांचा. म्हणजे १६,९७४ रुपये कमी.

बाबा निवृत्त शिक्षक. गोव्यातल्या डिचोलीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. आयुष्यभर मुलांच्या वह्यांतली बेरीज-वजाबाकी तपासलेल्या माणसाला छापील आकडा आणि हातातला आकडा जुळत नाही म्हटल्यावर झोप कशी लागणार? "बँकेनं छापून दिलंय, सही-शिक्का आहे, मग कमी कसे देतात?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर शोधण्यात मार्च संपून सप्टेंबर आला. सगळा हिशेब आता लागला आहे, म्हणून क्रमानं लिहिते. आपल्याकडे निवृत्तीचे पैसे बहुतेक घरांतून मुदत ठेवीतच जातात आणि पावती मात्र कपाटातल्या पिशवीत न वाचता पडून राहते.

गुढीपाडव्याच्या सुट्टीत मी घरी आले होते, तेव्हा आधी पावतीच घेऊन बसलो. त्यावर बऱ्याच गोष्टी होत्या, पण आमच्या प्रश्नासाठी पाचच रकाने कामाचे होते: ठेव रक्कम १०,००,०००, व्याजदर ७.५० टक्के, ठेवीची तारीख २८ मार्च २०२३, मुदत २४ महिने, आणि व्याज देण्याचा प्रकार. या शेवटच्या रकान्यात 'पुनर्गुंतवणूक' असं होतं. काही बँकांच्या पावतीवर तिथं 'क्युम्युलेटिव्ह' असतं. अर्थ एकच, व्याज हातात द्यायचं नाही, दर तिमाहीला ठेवीतच मिळवायचं आणि पुढच्या तिमाहीला त्या वाढलेल्या रकमेवर व्याज काढायचं.

छापील आकडाच चुकलाय का, हे आधी पाहिलं. त्याला मोठं गणित लागत नाही. वर्षाचा दर ७.५०, त्याला चारनं भागलं की तिमाहीचा दर १.८७५ टक्के. कॅल्क्युलेटरवर दहा लाख घ्यायचे आणि १.०१८७५ नं गुणायचं. दोन वर्षांत आठ तिमाह्या, म्हणून आठ वेळा गुणायचं. बाबांनी ते कागदावरच केलं. शेवटी आले ११,६०,२२१ रुपये ६७ पैसे, म्हणजे पावतीवरचा आकडा बरोबर होता. व्याजदरातही कुणी फेरफार केलेला नव्हता. कमी आलेले पैसे वाटेत कुठेतरी गेले होते.

त्याच पावतीवर, मुदतपूर्तीच्या रकमेच्या खाली, डोळे बारीक करून वाचावी लागेल अशी एक ओळ होती: ही रक्कम करकपातीच्या अधीन आहे. हाच धागा आहे याचा अंदाज आला, पण नक्की किती कर, कधी आणि कुठून कापला, हे पावतीवर कुठेच नसतं. पावती ठेव सुरू झाली त्या दिवशी छापतात. पुढं काय कापलं जाईल ते तिच्यावर येणार कसं? त्यासाठी ठेव खात्याचा उतारा लागतो. बचत खात्याचं पासबुक असतं तसा ठेवीचाही स्वतंत्र उतारा निघतो. मला स्वतःला हे त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं आणि बाबांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

३१ मार्चची ईदची सुट्टी आणि १ एप्रिलचा वार्षिक हिशेब, म्हणून ते दोन दिवस गेले. मग वर्षारंभाची गर्दी ओसरू दिली आणि सोमवारी, ७ एप्रिलला बँकेत गेलो. सोबत पावतीची झेरॉक्स, बाबांचं आणि आईचं पॅन कार्ड, आणि पासबुक नेलं. पासबुक आधी छापून घेतलं, त्याचा पुढं फार उपयोग झाला. काउंटरवर काय मागायचं ते घरूनच कागदावर लिहून नेलं होतं: ठेव खात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा आणि दोन्ही आर्थिक वर्षांची व्याजाची प्रमाणपत्रं. नुसतं "पैसे कमी का आले?" असं विचारलं की "टीडीएस कापला" एवढंच उत्तर मिळतं आणि आपण होतो तिथंच राहतो. कागद मागितले की समोरच्या माणसालाही काय द्यायचं ते कळतं. आमच्याकडून त्याचे पैसे घेतले नाहीत.

ठेवी बघणाऱ्या मॅडम बाबांच्या एका विद्यार्थ्याच्या बायको निघाल्या. उतारा छापून त्यांनी बाबांसमोर ठेवला आणि म्हणाल्या, "मास्तर, पयशे खंयच वचूंक नात. हांगा पळयात." मग पेन्सिलनं एकेक ओळ दाखवली. मार्चअखेरच्या तीन दिवसांचं व्याज उताऱ्यात वेगळं दाखवलेलं असतं. समजायला सोपं जावं म्हणून मी ते त्या त्या तिमाहीत मिळवून सांगते.

पहिल्या तिमाहीचं व्याज आलं १८,७५० रुपये. त्याच तारखेला खालच्या ओळीत १,८७५ रुपये वजा. म्हणजे ठेवीत भर पडली ती १६,८७५ रुपयांचीच आणि शिल्लक झाली १०,१६,८७५. दुसऱ्या तिमाहीचं व्याज या शिलकीवर निघालं, १९,०६६ रुपये. कर कापला नसता तर ते १०,१८,७५० वर निघालं असतं, म्हणजे १९,१०२ रुपये. दुसऱ्याच तिमाहीत व्याज ३६ रुपयांनी कमी झालं. पुन्हा त्यातून १,९०७ वजा. आठही तिमाह्या हेच चाललं होतं.

म्हणजे कर मुदतीच्या शेवटी एकदम कापत नाहीत. पुनर्गुंतवणुकीच्या ठेवीत आपल्या हाती एक पैसाही आलेला नसतो, तरी ते व्याज त्या त्या वर्षाचं उत्पन्न धरून बँक त्यावर कर कापते. तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४-ए खाली हे बँकेवर बंधनकारक होतं. दर १० टक्के. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. आमच्या बँकेनं तो ठेवीच्या व्याजातूनच वळता केला. काही बँका तो जोडलेल्या बचत खात्यातून घेतात. तसं असेल तर ठेव छापील आकड्यालाच पूर्ण होते, पण मधल्या काळात बचत खात्यातून रकमा गेलेल्या दिसतात. आपल्याकडे कुठली पद्धत आहे ते एकदा विचारून ठेवावं, नाहीतर कमी आलेले पैसे भलत्याच खात्यात शोधत बसाल.

बाबांनी लगेच विचारलं, "पण पन्नास हजारांपर्यंत कापत नाहीत ना?" बरोबर होतं. साठ वर्षांवरच्यांसाठी ३१ मार्च २०२५ पर्यंत ती मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये व्याज अशी होती, इतरांसाठी ४०,०००. पण इथं दोन गोष्टी आहेत. पहिलं म्हणजे बँक वर्षभराचं अंदाजित व्याज बघते. दहा लाखांवर ७.५० टक्के म्हणजे वर्षाला पाऊण लाखाच्या वर, म्हणून पहिल्याच तिमाहीपासून कपात सुरू झाली, जरी तिमाहीचं व्याज एकोणीस हजारांच्या आतच होतं. दुसरं म्हणजे मर्यादा ओलांडली की वरच्या भागावर नाही, सगळ्या व्याजावर कपात होते. २०२३-२४ सालात बाबांच्या ठेवीवर ७६,९२० रुपये व्याज झालं. कर २६,९२० वर कापलेला नव्हता. पुऱ्या ७६,९२० वर कापला होता, ७,६९२ रुपये. पुढच्या वर्षी ८२,२४५ वर ८,२२४.

दोन्ही मिळून १५,९१६. आम्हाला कमी आले होते १६,९७४. मग उरलेले १,०५८ कुठं गेले? हाच प्रश्न बाबांनी पेन्सिलीनं कागदावर गोल करून ठेवला होता. ते कुणी कापलेले नव्हते. दर तिमाहीला कर गेल्यामुळं ठेवीत जी भर कमी पडली, तिच्यावरचं पुढचं व्याज मिळालं नाही, त्याची ती बेरीज. कापलेला १५,९१६ रुपयांचा कर सरकारकडं बाबांच्या पॅनवर जमा आहे, कर देणं लागत नसेल तर तो मागून घेता येतो. हे १,०५८ मात्र निर्माणच झाले नाहीत, म्हणून ते कुठं मागायची सोय नाही. पावतीवरच्या छापील आकड्यातून खरोखर गमावलं ते एवढंच.

बाबांचं निवृत्तिवेतन आणि हे व्याज मिळून नव्या कररचनेत त्यांना एक रुपयाही कर पडत नाही. अशा वेळी, २०२५-२६ पर्यंत, साठ वर्षांवरच्यांनी वर्षाच्या सुरुवातीला फॉर्म १५-एच भरून दिला की बँक कर कापत नसे. साठच्या आतल्यांसाठी १५-जी असे, आणि त्याला एक अट जास्त होती, वर्षाचं एकूण व्याज करमुक्त मूळ मर्यादेच्या आत असावं लागे. हा फॉर्म दर आर्थिक वर्षाला नव्यानं द्यावा लागतो. एकदा दिला म्हणजे मुदतभर चालला, असं नाही. आणि आधी कापून सरकारजमा झालेला कर बँक परत करू शकत नाही, त्यासाठी विवरणपत्रच भरावं लागतं. हे मॅडमनी दोनदा सांगितलं. लोक काउंटरवर येऊन त्यांच्याशी भांडतात म्हणे.

त्याच बैठकीत पैसे पुन्हा कसे ठेवायचे हाही विषय निघाला. रिझर्व्ह बँकेची बैठक त्याच आठवड्यात होती आणि दर उतरणार अशी सगळीकडे चर्चा होती (९ एप्रिलला रेपो दर खरोखरच ६ टक्क्यांवर आला), म्हणून फार दिवस घालवायचे नव्हते. पावसाळ्याआधी घराची कौलं परतायची होती, त्यासाठी १,४३,२४८ बचत खात्यातच ठेवले आणि दहा लाख पुन्हा दोन वर्षांसाठी ठेवायचं ठरलं, दर तोच ७.५० टक्के. या वेळी आईचं म्हणणं होतं की घरखर्चाला दरमहा हातात काहीतरी यावं.

मॅडमनी तीन प्रकार सांगितले. पुनर्गुंतवणूक म्हणजे जुनाच प्रकार. तिमाही व्याज घेतलं तर दर तीन महिन्यांनी १८,७५० रुपये. दरमहा घेतलं तर ६,२११ रुपये. आई म्हणाली, "१८,७५० ला तिनानं भागलं तर ६,२५० येतात. एकोणचाळीस रुपये कमी का?" कारण असं की बँकेचा हिशेब तिमाहीचा असतो. तिमाही पुरी व्हायच्या आधीच पहिल्या दोन महिन्यांचे पैसे आपण उचलतो, म्हणून बँक ते थोडी सूट कापून देते. दरमहाचे ६,२११ आपण काढले नाहीत आणि त्याच दरानं तिमाहीअखेरपर्यंत ठेवले तर ते बरोबर १८,७५० होतात. हिशेब करून पाहिला, जुळतो. त्यामुळं दरमहा व्याजाच्या पावतीवर दर ७.५० टक्के छापलेला असला तरी सरळ बारानं भागून येणारी रक्कम शोधू नये. ती थोडी कमीच असणार.

८ एप्रिलला ठेव केली आणि नवी पावती हातात आली. त्यावरचा मुदतपूर्तीचा आकडा होता १०,००,०००. आईनं पावती दोनदा उलटसुलट केली. दहा लाख ठेवून दोन वर्षांनी दहाच लाख? पण याच रकान्यावरून ठेवीचा प्रकार ओळखता येतो. मुदतपूर्तीची रक्कम ठेवीइतकीच छापलेली असेल तर व्याज मधेमधे बाहेर येणार आहे. ठेवीपेक्षा जास्त असेल तर ते आत साचणार आहे. फॉर्मवर एका प्रकारावर खूण केली आणि संगणकात दुसराच भरला गेला, असं होऊ शकतं, आणि ते पकडायची जागा हीच. पावती हातात पडल्यावर काउंटर सोडायच्या आधी हा एक आकडा पाहिला तर त्याच दिवशी दुरुस्त होतं. नंतर बदलायचं झालं तर बहुतेक ठिकाणी ठेव मोडून नवी करावी लागते आणि मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याज कापलं जातं ते वेगळंच.

व्याज कुठल्या खात्यात जाणार तो क्रमांकही त्याच वेळी तपासला. आईचं नाव दुसरं आहे आणि 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो' अशी सूचना आहे. कर मात्र पहिल्या नावाच्या पॅनवरच कापला जातो, म्हणजे बाबांच्या.

१ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी करकपातीची मर्यादा ५०,००० वरून १,००,००० झाली, इतरांसाठी ५०,०००. बाबांचं नव्या ठेवीचं वर्षाचं व्याज ६,२११ गुणिले १२, म्हणजे ७४,५३२. मर्यादेच्या आत. पण ही मर्यादा एका ठेवीची नाही, एका बँकेतल्या सगळ्या ठेवींची मिळून आहे, मग शाखा कुठलीही असो. समजा बाबांची त्याच बँकेच्या म्हापशाच्या शाखेत आणखी चार लाखांची ठेव त्याच दरानं असती, तर तिचे ३०,००० धरून १,०४,५३२ झाले असते आणि वरच्या साडेचार हजारांसाठी सगळ्या रकमेवर १० टक्के, म्हणजे १०,४५३ रुपये गेले असते. पुढं कधी दुसरी ठेव करायची वेळ आली तर हे लक्षात राहावं म्हणून आम्ही पावतीच्या झेरॉक्सवर पेननं लिहून ठेवलंय. फॉर्म १५-एच मात्र त्याच दिवशी भरून दिला आणि पोचेवर शिक्का घेतला. शिक्क्याशिवाय फॉर्म देऊन येऊ नये. पुढं कपात झालीच तर दाखवायला तोच एक कागद असतो.

आता कापलेले १५,९१६ परत मिळवायचा भाग. इथं गोव्याची गोष्ट वेगळी आहे आणि बाहेरच्या कुणाचा सल्ला इथं पुरत नाही.

आमच्याकडचे कर सल्लागार डिचोली बाजारातच बसतात. त्यांच्याकडे १२ एप्रिलला गेलो. त्यांनी पासबुक मागितलं, ऑगस्ट २०२४ चं पान काढलं आणि एका नोंदीवर बोट ठेवलं: आयकर परतावा, ३,८०० च्या वरची रक्कम. मग आईचं पासबुक. त्यातही तशीच नोंद. पहिल्या वर्षीचे ७,६९२ आधीच परत आले होते, निम्मे बाबांना आणि निम्मे आईला! दोघांचीही विवरणपत्रं सल्लागारांनी जुलै २०२४ मध्ये भरली होती. परतावा आला तेव्हा तो कशाचा हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण ठेव तर अजून चालूच होती आणि ठेवीतून काही कापलं जातंय हेच माहीत नव्हतं.

पण आईला का? आईचं स्वतःचं उत्पन्न नाही, ठेवीत पहिलं नाव बाबांचं. कारण गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यानुसार, वेगळा विवाहपूर्व करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ५-ए हेच धरून चालायचं. अशा जोडप्याचं पगार सोडून इतर उत्पन्न, त्यात मुदत ठेवीचं व्याजही आलं, दोघांत अर्धं-अर्धं वाटून दाखवायचं असतं. निवृत्तिवेतन पगारात धरतात, म्हणून ते पूर्ण बाबांचंच राहतं. व्याज वाटलं गेलं की त्यावर कापलेला करही तसाच वाटला जातो. बँकेला याच्याशी देणंघेणं नाही. ती पहिल्या नावाच्या पॅनवर कापते आणि सरकारकडे तिथंच भरते. वाटणी करायची ती विवरणपत्रात.

त्यामुळं आमच्यासारख्यांना विवरणपत्राचा सोपा नमुना, आयटीआर-१, चालत नाही, कलम ५-ए ची वाटणी असेल तर तो भरताच येत नाही. आयटीआर-२ लागतो, आणि त्यात पोर्तुगीज नागरी कायदा लागू आहे का या प्रश्नाला 'हो' म्हणून जोडीदाराचं नाव, पॅन आणि वाटलेली रक्कम भरायची असते. टीडीएसच्या तक्त्यात बाबांनी अर्धी रक्कम आईच्या वाट्याची म्हणून तिच्या पॅनसह दाखवायची आणि आईनं तिच्या विवरणपत्रात ती बाबांच्या पॅनवरची म्हणून मागायची. बाबांनी आपल्या विवरणपत्रात वाटणी दाखवली आणि आईचं भरलंच नाही, तर तिच्या वाट्याचा कर परत येत नाही. सल्लागार म्हणाले की सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

दुसऱ्या वर्षीच्या ८,२२४ साठी मात्र थांबावं लागलं. जानेवारी ते मार्च तिमाहीचं टीडीएसचं विवरण बँकांनी ३१ मे पर्यंत भरायचं असतं आणि फॉर्म १६-ए, म्हणजे कापलेल्या कराचं प्रमाणपत्र, जूनच्या मध्यापर्यंत येतो. त्याआधी बघायला गेलात तर २६ एएस मध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, शेवटच्या तिमाहीची नोंदच दिसत नाही, आणि तेवढ्यावर विवरणपत्र भरलं तर तेवढा कर मागायचा राहून जातो. आम्ही २० जूनला पाहिलं. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर लॉगिन करून e-File, त्यात Income Tax Returns, त्यात View Form 26AS. चारही तिमाह्यांची बेरीज बँकेच्या प्रमाणपत्राशी जुळली. व्याजाचा आकडाही जुळवावा, नुसता कराचा नव्हे. दोन्हीकडे ८२,२४५ असणं गरजेचं होतं.

२०२५ साली आयटीआर-२ उशिरा, जुलैत उपलब्ध झाला आणि मुदतही १५ सप्टेंबरपर्यंत वाढलेली होती. आमची दोन्ही विवरणपत्रं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भरली. सल्लागारांनी दोघांचे मिळून १,५०० रुपये घेतले. आधार ओटीपीनं ई-व्हेरिफाय लगेच केलं, ते ३० दिवसांत करावंच लागतं. आईचं बँक खातं संकेतस्थळावर परताव्यासाठी पुन्हा प्रमाणित करावं लागलं, कारण खात्यावरचं तिचं नाव आणि पॅनवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक होता. बँकेत जाऊन नाव दुरुस्त करून घेईपर्यंत आठवडा गेला. ज्यांच्या घरी पॅन, आधार आणि पासबुकवर नावाची तीन रूपं आहेत त्यांनी हे काम एप्रिलमध्येच उरकून घ्यावं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांच्या खात्यात परतावा आला आणि चार दिवसांनी आईच्या. वाट्याला येत होते प्रत्येकी ४,११२. परताव्याची रक्कम दहाच्या पटीत करतात, म्हणून ४,११०. बाबांनी मार्चमधला तो कागद काढला, १५,९१६ पुढं बरोबरची खूण केली आणि १,०५८ वरचं वर्तुळ तसंच ठेवलं.

नवी ठेव ८ एप्रिल २०२७ ला पूर्ण होईल. पावतीवर मुदतपूर्तीच्या सूचनेत 'बचत खात्यात जमा' असं लिहून घेतलंय. तिथं काहीच न लिहिल्यास बऱ्याच बँका ठेव आपोआप त्या दिवशीच्या दरानं पुढं चालू करतात. एप्रिल २०२६ च्या पहिल्या आठवड्यात, त्या वर्षीचं पहिलं मासिक व्याज जमा व्हायच्या आत, कर कापू नये म्हणून नव्या वर्षाचं घोषणापत्र द्यायचं ठरलं. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू, त्यामुळं फॉर्मचा क्रमांक तोच राहील असं धरून न चालता तो बँकेतूनच घ्यायचा, असं बाबांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.